पुण्याच्या घरात पहिली दहा लिटर बिअर: मॅश, वर्ट, उकळ आणि किण्वन

बिअर तयार होते ती चार टप्प्यांत. मोड आणून वाळवलेल्या सातूची, म्हणजे माल्टची, भरड गरम पाण्यात मुरवणे म्हणजे मॅश. त्यातून गाळून निघालेला गोड काढा म्हणजे वर्ट. तो काढा हॉप्स या कडवट, सुगंधी फुलांसह तासभर खळखळून उकळणे हा तिसरा टप्पा, आणि थंड झालेल्या वर्टमध्ये यीस्ट सोडून त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होऊ देणे, म्हणजे किण्वन, हा चौथा. कृती ऐकायला सोपी आहे, परंतु नवख्याचा गोंधळ बहुधा एकाच ठिकाणी होतो. प्रत्येक टप्प्याला स्वतःचे तापमान असते, आणि ते का पाळायचे हे ठाऊक नसले की चार-पाच अंशांचा फरक क्षुल्लक वाटतो. म्हणून या लेखात दहा लिटरच्या एकाच साध्या पेल एल प्रकारच्या बिअरची कृती घेतली आहे आणि तापमानाच्या अंगाने ती शेवटपर्यंत नेली आहे.

१. आधी कायदा आणि कागदपत्रे

भांडी घेण्यापूर्वी ही बाब निकाली काढावी. महाराष्ट्र मद्यनिषेध अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि बिअर ही मद्यातच मोडते. ‘घरच्यापुरतीच केली, विकली नाही’ ही सबब चालून जाईल असे गृहीत धरू नये. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या पुण्यातील कार्यालयात लेखी अर्ज करून विचारणा करावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे. ओळखीच्या कोणी तोंडी ‘चालतं हो’ म्हटले म्हणून सुरुवात करू नये. सोबत ओळखपत्र, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि मद्यसेवनाचा परवाना ठेवावा. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ वर्षे आहे. घर भाड्याचे असेल तर मालकांना आधी सांगावे.

परवानगी मिळत नसेल, तर ही कृती पुण्यातील एखाद्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीत, तेथील ब्रुअरच्या देखरेखीखाली शिकण्याचा मार्ग उरतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. यीस्ट घालेपर्यंत वर्टमध्ये मद्यार्क नसतो, त्यामुळे मॅश, गाळणे आणि उकळ या तीन टप्प्यांचा हात बसवण्यासाठी किण्वनापर्यंत जाण्याची गरजच नसते.

या लेखाचा ऊर्ध्वपातनाशी काहीही संबंध नाही. आंबवलेले द्रव्य तापवून दारू गाळणे हा वेगळा आणि धोकादायक प्रकार आहे. त्याच्या वाटेला जाऊ नये.

२. साहित्य आणि भांडी

दहा लिटरसाठी लागणारे जिन्नस असे:

- पेल माल्ट २.२ किलो आणि गव्हाचे माल्ट २०० ग्रॅम
- कॅस्केड जातीचे हॉप्स ३५ ग्रॅम, गोळ्यांच्या स्वरूपातील
- कोरडे एल यीस्ट, ११.५ ग्रॅमचे एक पाकीट
- पाणी १५.५ लिटर

भांड्यांमध्ये झाकणासह २५ लिटरचे स्टीलचे पातेले, धान्य मावेल अशी जाळीदार कापडाची पिशवी, किण्वनासाठी १५ लिटरचा झाकणबंद फूड ग्रेड प्लास्टिकचा डबा, त्याच्या झाकणात बसणारा आणि आतला वायू बाहेर सोडून बाहेरची हवा आत न येऊ देणारा एअरलॉक, डिजिटल थर्मामीटर, द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर आणि त्याची उभी नळी, लहान वजनकाटा आणि सॅनिटायझर एवढे पुरे. पातेले तुळशीबागेत मिळते. पिशवी पडद्याच्या पातळ पॉलिस्टर कापडाची शिवून घ्यावी; मलमल किंवा पंचा घेतल्यास त्याची वीण लवकर बुजते आणि वर्ट गळतच नाही. हायड्रोमीटर प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. तो मागताना १.००० ते १.१०० या पट्ट्यातील हवा असे सांगावे, कारण दूध तपासण्याचा लॅक्टोमीटर येथे उपयोगाचा नाही.

माल्टच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे वाण्याकडून साधी सातू आणणे. साध्या सातूला मोड आणलेले नसतात, त्यामुळे पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी विकरे तीत पुरेशी नसतात आणि ती कितीही वेळ मुरवली तरी गोड वर्ट मिळत नाही. दुसरी चूक म्हणजे अख्खे माल्ट आणून पिठाच्या गिरणीत देणे. गिरणीवाले सवयीने बारीक दळतात, त्यात सालाचाही भुगा होतो, पिशवीत चिखल साचतो आणि वर्टमध्ये तुरटपणा उतरतो. माल्ट विकत घेतानाच भरडून मागावे. मूठभर भरड पांढऱ्या कागदावर पसरून पाहावी: प्रत्येक दाण्याचे तीन-चार तुकडे झालेले असावेत, साल बऱ्यापैकी शाबूत असावे आणि अख्खा दाणा क्वचितच दिसावा.

३. पाणी आणि थर्मामीटर

महापालिकेचे नळाचे पाणी, म्हणजे खडकवासला धरणसाखळीतून येणारे, या कामाला चांगले आहे. त्यातील क्लोरीन मात्र काढावे लागते, कारण क्लोरीन वर्टमधील घटकांशी संयोग पावून औषधी पट्टीसारखा वास देणारी संयुगे तयार करते आणि तो वास नंतर कशानेही जात नाही. आदल्या संध्याकाळी पाणी दहा-पंधरा मिनिटे उघडे उकळून रात्रभर झाकून ठेवावे. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी बहुधा जड असते. अशा पाण्यात मॅशची आम्लता योग्य पातळीला येत नाही, विकरांचे काम मंदावते आणि फिकट रंगाच्या बिअरला खरखरीत कडवटपणा येतो. तुमच्या सोसायटीत असेच पाणी येत असेल तर निम्मे पाणी आरओचे घ्यावे. सगळेच आरओचे घेऊ नये. मॅशला थोडे कॅल्शियम लागते आणि आरओच्या पाण्यात ते जवळजवळ नसते.

थर्मामीटर विश्वासू आहे की नाही हे आधी तपासावे. कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून त्यात तो ० अंश दाखवतो का ते पाहावे आणि मग उकळत्या पाण्यात धरावा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. तुमचा थर्मामीटर खळखळत्या पाण्यात १०० दाखवत असेल, तर तो बरोबर नसून त्या टोकाला दोन अंश जास्त सांगतो आहे. एवढा फरकही मॅशमध्ये जाणवतो, म्हणून तो झाकणावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावा.

४. मॅश: ६६ ते ६७ अंश, एक तास

मॅशमध्ये दोन विकरे कामाला लागलेली असतात. बीटा अमायलेज पिष्टाच्या साखळीच्या टोकांकडून माल्टोज तोडते. त्याला ६० ते ६५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. ही साखर यीस्ट पूर्ण खाते. अल्फा अमायलेज साखळी मधूनच कुठेही तोडते आणि ६८ ते ७२ अंशांना अधिक जोमाने काम करते. त्यातून लांब तुकडेही उरतात, जे यीस्टला पचत नाहीत आणि बिअरला जाडी देतात. म्हणजे ६३ अंशांना मॅश केला तर बिअर कोरडी आणि हलकी होते, ७० अंशांना केला तर गोडसर आणि जड होते. पहिल्या पेल एलसाठी ६६ ते ६७ अंश हा मधला मार्ग घ्यावा. ७५ अंशांच्या वर दोन्ही विकरे झपाट्याने निकामी होतात, आणि एकदा निकामी झालेली विकरे पाणी पुन्हा थंड केल्याने परत येत नाहीत. हे पक्के लक्षात ठेवावे, कारण पाणी थोडे जास्त तापले तर काय बिघडते, या समजुतीत पहिली बॅच येथेच हातची जाते.

धान्य खोलीच्या तापमानाचे असते, त्यामुळे ते घातल्यावर पाणी थोडे उतरते. या कृतीत पाण्याच्या मानाने धान्य कमी असल्याने ही घट केवळ तीन अंशांच्या आसपास असते. म्हणून १५.५ लिटर पाणी ६९ ते ७० अंशांपर्यंत तापवावे, गॅस बंद करावा, पातेल्यात पिशवी पसरून तिच्या कडा काठावर बांधाव्यात आणि भरड चार-पाच वेळा थोडी थोडी घालत लाकडी किंवा स्टीलच्या लांब डावाने ढवळावे. पिठल्यात राहतात तशा गुठळ्या राहिल्या तर त्यांच्या आतले पिष्ट कोरडेच राहते. डावाने कडेला दाबून त्या फोडाव्यात. सगळे धान्य भिजल्यावर तापमान पाहावे. ते एका जागी न पाहता मध्यभागी, कडेला आणि तळाशी, तीन ठिकाणी पाहावे.

६८च्या वर असेल तर पेलाभर थंड पाणी घालून ढवळावे. ६४च्या खाली असेल तर मंद आचेवर सतत ढवळत वर आणावे, परंतु पिशवी तळाला टेकून जळणार नाही याची खात्री करावी. तळाशी स्टीलची चाळणी उपडी ठेवली की काम सोपे होते. मग झाकण लावून पातेले जुन्या गोधडीत किंवा ब्लँकेटमध्ये गुंडाळून एक तास ठेवावे. ब्लँकेट गुंडाळलेले असताना गॅस पेटवू नये. दर वीस मिनिटांनी झाकण उघडून एकदा ढवळावे आणि तापमान पाहावे. तासाभरात दोन अंशांची घट झाली तरी चिंता नसावी.

तास संपला म्हणजे मॅश झाला असे नव्हे. ते तपासून घ्यावे. औषधांच्या दुकानातील टिंक्चर आयोडिन यासाठी पुरते. पांढऱ्या बशीत वरचा स्वच्छ वर्ट चमचाभर घ्यावा, तो गार होऊ द्यावा आणि कडेने आयोडिनचा एक थेंब सोडावा. थेंब पसरताना निळा-काळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे. मॅश आणखी पंधरा मिनिटे ठेवून पुन्हा पाहावे. थेंबाचा स्वतःचा पिवळसर-तांबूस रंग तसाच राहिला तर काम झाले आहे. बशीत सालाचा किंवा दाण्याचा कण आला असेल तर तेवढाच कण काळा पडतो. त्यावरून निष्कर्ष काढू नये. तपासलेला नमुना पातेल्यात परत टाकू नये, तो टाकून द्यावा.

५. वर्ट गाळणे आणि पहिले मोजमाप

आता पिशवी उचलायची. ओल्या धान्यासह ती पाच किलोच्या आसपास भरते आणि कढत असते, म्हणून हे काम दोघांनी करावे: एकाने पिशवी वर धरावी, दुसऱ्याने पातेल्यावर मोठी चाळणी ठेवावी. पिशवी चाळणीत ठेवून पंधरा मिनिटे निथळू द्यावी आणि वरून ताटलीने हळू दाबावी. उरलेला चोथा गोड असतो. घरी कुंड्या असतील तर त्यांच्या खतात तो चांगला जिरतो, पण त्याच दिवशी हलवावा, पुण्याच्या दुपारी तो काही तासांत आंबायला लागतो.

धान्याने सुमारे दोन लिटर पाणी शोषलेले असते, त्यामुळे पातेल्यात १३.५ लिटर वर्ट उरतो. वाटीभर वर्ट काढून २० अंशांपर्यंत थंड करावा आणि हायड्रोमीटरने मोजावा. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात. आपल्या उपकरणावर काय छापले आहे ते पाहून घ्यावे. गरम वर्टमध्ये आकडा खोटा कमी येतो, शिवाय काचही तडकू शकते.

येथे १.०३७च्या जवळपास आकडा यायला हवा. पुढचा हिशेब सोपा आहे. उकळताना फक्त पाणी उडते, साखर तेवढीच राहते. म्हणून दशांशानंतरचे ३७ गुणिले १३.५ लिटर, भागिले उकळीनंतरचे ११ लिटर, म्हणजे साधारण ४५. उकळीनंतर वर्ट १.०४५ भरेल. समजा आकडा १.०३७ऐवजी १.०३१ आला. तर ३१ गुणिले १३.५ म्हणजे सुमारे ४१८, आणि ४५ हवे असतील तर वर्ट ९.३ लिटरपर्यंत आटवावा लागेल. पर्याय दोनच आहेत: सुमारे १.७ लिटर कमी बिअर स्वीकारून जास्त वेळ आटवणे, किंवा अकरा लिटरवर थांबून १.०३८ची हलकी बिअर स्वीकारणे. पहिल्या वेळी दुसरा पर्याय घ्यावा, कारण जास्त वेळ उकळल्याने हॉप्सचा कडवटपणाही वाढत जातो. साखर घालून आकडा वर आणण्याचा मोह टाळावा. त्याने मद्यार्क वाढतो, पण बिअर पातळ लागते. आकडा कमी येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे दाणे अर्धवट भरडलेले असणे, म्हणून पुढच्या वेळी आधी भरड पाहावी.

६. उकळ: साठ मिनिटे, झाकण उघडे

उकळीने चार कामे होतात. वर्ट निर्जंतुक होतो, विकरे थांबतात, प्रथिने साकळून वेगळी होतात आणि हॉप्समधील आल्फा आम्लांचे रूप पालटून कडवटपणा वर्टमध्ये उतरतो. पाचवे काम दिसत नाही, पण झाकण उघडे ठेवण्याचे कारण तेच आहे. फिकट माल्टमधील एका घटकापासून उष्णतेने डायमिथाइल सल्फाइड तयार होते. त्याला उकडलेल्या मक्याचा वास असतो. ते वाफेबरोबर निघून जाते. गॅस वाचवण्यासाठी झाकण लावले तर झाकणावरची वाफ थेंब होऊन तोच वास परत पातेल्यात आणते.

घरच्या शेगडीवर १३.५ लिटर वर्टला उकळी यायला वेळ लागतो. मोठ्या बर्नरवर ठेवावे, खिडकी उघडावी आणि उकळी येण्याच्या सुमारास तेथून हलू नये. आधी वर तपकिरी फेस जमतो, मग तो एकाएकी काठापर्यंत चढतो. त्या क्षणी आच कमी करून फेस ढवळावा. पाच-दहा मिनिटांत प्रथिनांचे लहान तुकडे वर्टमध्ये तरंगताना दिसतात आणि फेस आपोआप बसतो. तो बसल्यावरच घड्याळ लावावे आणि पहिले हॉप्स घालावेत. फेस चढत असतानाच हॉप्स टाकले तर पातेले हमखास उतू जाते.

हॉप्स तीन वेळा घालायचे आहेत. १५ ग्रॅम सुरुवातीला, म्हणजे साठ मिनिटे शिजतील असे, हे कडवटपणासाठी. १० ग्रॅम शेवटची दहा मिनिटे उरली असताना, चवीसाठी. उरलेले १० ग्रॅम गॅस बंद केल्यावर, सुगंधासाठी, कारण सुगंधी तेले उकळीत उडून जातात. ही मापे पाकिटावर आल्फा आम्ल ६ टक्क्यांच्या आसपास लिहिले असेल तेव्हाची आहेत. तुमच्या हाती १२ टक्क्यांचे हॉप्स आले असतील तर पहिला हप्ता निम्मा, म्हणजे साडेसात ग्रॅम घ्यावा. हा आकडा न वाचता ‘पंधरा म्हणजे पंधरा’ असे धरून चालल्यामुळे पुष्कळांची पहिली बिअर कडू होते.

पाणी उडण्याचा वेग प्रत्येक शेगडीचा वेगळा असतो; अडीच लिटर हा माझ्या वापरातील अंदाज आहे. लाकडी पट्टीवर ११ आणि १३.५ लिटरच्या खुणा आधीच करून ठेवल्या, तर पट्टी पातेल्यात उभी धरताच कळते.

७. थंड करणे आणि यीस्ट सोडणे

गॅस बंद केल्यापासून स्वच्छतेचा अर्थ बदलतो. आतापर्यंत भांडी नीट धुतलेली असली तरी भागत होते, कारण पुढे उकळ होणार होती. येथून पुढे थंड होत चाललेल्या वर्टला जे काही लागेल, म्हणजे डबा, झाकण, एअरलॉक, डाव, थर्मामीटरचे टोक, यीस्टच्या पाकिटाची कड आणि ते कापण्याची कात्री, ते सॅनिटायझरमधून काढलेले असावे. फॉस्फोरिक आम्लावर आधारलेले, नंतर पाण्याने धुवावे न लागणारे सॅनिटायझर घ्यावे आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच पातळ करावे. भांड्यांचा साबण किंवा फिनेल यांनी हे काम होत नाही, आणि ब्लीच वापरले तर क्लोरीनचा तोच औषधी वास परत येतो. डबा जुना असून आत ओरखडे असतील तर तो बदलावा. ओरखड्यांत जंतू टिकतात.

वर्ट ९८ अंशांवरून २० अंशांपर्यंत शक्य तितक्या लवकर आणायचा. बाथरूममध्ये मोठ्या टबात पाणी भरून त्यात झाकलेले पातेले बसवावे. कढत पातेले दोघांनी, कोरड्या जाड फडक्यांनी, दोन्ही कड्या धरून उचलावे. जमिनीवर ओल असेल तर आधी पुसून घ्यावी. टबातले पाणी कोमट झाले की बदलावे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यानंतर बर्फ घालावा. बर्फ टबात घालायचा, वर्टमध्ये नाही. तासाभरात तापमान खाली येते.

मग वर्ट किण्वनाच्या डब्यात उंचावरून ओतावा, तळाचा गाळ शक्य तितका मागे ठेवावा. वर्टमध्ये हवा मिसळण्याचा हा एकमेव योग्य क्षण आहे; यीस्टला सुरुवातीच्या वाढीसाठी प्राणवायू लागतो, आणि पुढे तोच प्राणवायू बिअर शिळी करतो. डब्यात सुमारे १० लिटर भरेल. हायड्रोमीटरचा आकडा लिहून ठेवावा: १.०४५च्या आसपास. वर्ट २० अंशांवर आहे याची खात्री करून यीस्ट पृष्ठभागावर भुरभुरावे. दहा लिटरला पाकिटातले निम्मेही पुरते. पूर्ण पाकीट घातले तरी बिघडत नाही, आणि उघडलेले अर्धे पाकीट जपून ठेवण्यापेक्षा ते बरे. पावाचे यीस्ट वापरू नये. ते आंबवते खरे, पण तळाशी घट्ट बसत नाही आणि चवीवर भरवसा राहत नाही.

वर्ट ३० अंशांवर असताना कंटाळून यीस्ट सोडणे ही या टप्प्यातली मोठी चूक. थंड व्हायला वेळ लागत असेल तर झाकण लावून, एअरलॉक बसवून, डबा काही तास गार जागी ठेवावा आणि मग यीस्ट घालावे. निर्जंतुक डब्यात एवढा उशीर चालतो.

८. किण्वन: पहिले तीन दिवस

पेल एलच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. त्याहून गरम झाले तर यीस्ट घाईने काम करते आणि जड मद्यार्के व फळांच्या वासाची एस्टरे जास्त तयार करते. त्या बिअरला थिनरसारखा उग्र वास येतो आणि घशाला जळजळते. ही चव ठेवून मुरत नाही.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की किण्वनातूनच उष्णता निर्माण होते. खोली २२ अंशांची असेल तर जोमाच्या दिवसांत डब्याच्या आत २५ किंवा २६ अंश भरू शकतात. म्हणून भिंतीवरचा थर्मामीटर पाहून समाधान मानू नये. थर्मामीटरचे टोक डब्याच्या बाहेरच्या अंगाला, द्रवाच्या पातळीखाली, फोमच्या तुकड्याखाली चिकटपट्टीने बसवावे. ते आतले तापमान बऱ्यापैकी खरे सांगते.

पुण्यात पहिली बॅच डिसेंबर किंवा जानेवारीत घ्यावी. तेव्हा रात्री गार असतात आणि उत्तरेकडच्या, ऊन न येणाऱ्या खोलीत २० ते २२ अंश फारसे काही न करता मिळतात. दुपारी गच्चीखालच्या खोल्या तापतात, त्या टाळाव्यात. डबा पाण्याने अर्ध्या भरलेल्या टबात ठेवला तर दिवसरात्रीचा चढउतार सौम्य होतो. पहिले तीन दिवस सकाळी आणि रात्री गोठवलेल्या पाण्याची एक-एक बाटली टबात सोडावी आणि डब्यावरचा थर्मामीटर पाहून बाटल्या कमी-जास्त कराव्यात.

डब्याला ओला पंचा गुंडाळून समोर पंखा लावण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. ती हवा कोरडी असेल तेव्हाच चालते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडते आणि चार-पाच अंश उतरतात, परंतु खोलीच ३२ अंशांची असेल तर तेवढे उतरूनही २७च्या खाली येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खोली गार असते, पण हवा दमट असल्यामुळे पंचा नुसता ओला राहतो आणि त्यावर बुरशी येते. या दोन्ही ऋतूंत तापमान-नियंत्रक लावलेल्या जुन्या फ्रिजशिवाय हे काम हाती घेऊ नये.

यीस्ट घातल्यावर सहा ते चोवीस तास काहीच घडताना दिसत नाही. या काळात झाकण उघडून पाहू नये. मग वर दाट, मळकट पांढरा फेस येतो, एअरलॉकमधून बुडबुडे निघतात आणि गंधकाचा किंवा पावाचा वास येतो. हे सगळे ठीक आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फेस खाली बसतो आणि डब्याच्या कडेला तपकिरी पट्टा राहतो. येथे नवखा माणूस दोन उलट दिशांनी चुकतो. बुडबुडे थांबले म्हणून काम झाले असे समजून लगेच बाटल्या भरतो, किंवा बुडबुडे दिसतच नाहीत म्हणून घाबरून दुसरे पाकीट घालतो. झाकणाचे रबर नीट बसलेले नसेल तर वायू तेथून निघून जातो आणि एअरलॉक गप्प राहतो. आत किण्वन चालूच असते.

खरे उत्तर फक्त हायड्रोमीटर देतो. दहाव्या दिवशी एक आकडा घ्यावा, तीन दिवसांनी दुसरा. दोन्ही सारखे असले आणि १.०१०च्या आसपास असले तर किण्वन संपले आहे. १.०४५ वजा १.०११ म्हणजे ०.०३४, त्याला १३१ने गुणले की सुमारे ४.५ टक्के मद्यार्क निघतो. आकडा १.०२०वर अडकला असेल तर दोन शक्यता असतात. रात्री खोली फार गार होऊन यीस्ट झोपले असेल, तर डबा २१-२२ अंशांवर आणून हलकेच फिरवावा आणि चार दिवस थांबावे. मॅश ७० अंशांच्या वर झाला असेल, तर उरलेली साखर यीस्टला पचणारीच नाही. बिअर गोडसर राहील आणि त्यावर उपाय नाही.

आकडा घेताना नमुना चाखावा. लोण्यासारखा वास आला तर तो डायसेटिलचा असतो. यीस्टच तो परत शोषून घेते, त्यामुळे डबा आणखी दोन-तीन दिवस २१-२२ अंशांवर तसाच राहू द्यावा. पृष्ठभागावर चामड्यासारखा सुरकुतलेला पांढरा पापुद्रा आणि आंबट वास एकत्र दिसले तर जंतूंचा शिरकाव झाला आहे. ती बॅच ओतून द्यावी आणि डब्याचा नळ व रबरी रिंग बदलावी.

९. बाटल्या

दोन आकडे सारखे येईपर्यंत बाटली भरू नये. उरलेली साखर बंद बाटलीत आंबली तर काच फुटते आणि इजा होते. गाळ मागे सोडून साडेनऊ लिटर बिअर हाती येते. तिच्यासाठी ५५ ग्रॅम साधी साखर पेलाभर पाण्यात पाच मिनिटे उकळून, थंड करून, सॅनिटाइझ केलेल्या दुसऱ्या डब्यात आधी ओतावी आणि त्यावर नळीने, फेसाळू न देता बिअर सोडावी. साखर प्रत्येक बाटलीत चमच्याने घालू नये, माप चुकते. जाड काचेच्या तपकिरी ६५० मिलीच्या बाटल्या साधारण पंधरा लागतात. त्यांना झाकणे बसवण्याचे हातयंत्र नसेल तर सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापराव्यात. त्या फुटत नाहीत, आणि दाबून पाहिल्या की आत वायू किती झाला आहे हे बोटांना कळते.

बाटल्या खोक्यात घालून, उजेडापासून दूर, खोलीच्या तापमानाला दोन आठवडे ठेवाव्यात. मग एक बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवून उघडावी. ओतताना ग्लास तिरका धरावा आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्यावा. वायू कमी वाटला तर बाकीच्या बाटल्यांना आणखी आठवडा द्यावा. उघडताक्षणी फेस उसळून बाहेर आला तर बाकीच्या सगळ्या लगेच फ्रिजमध्ये हलवाव्यात, आणि पूर्ण गार झाल्यावर मोरीत, तोंडावर फडके धरून, एकेक करून उघडाव्यात.